पत्रातली शाई आणि सुरंगीची नक्षी

माझा मोठा भाऊ एखाद्या गोष्टीनं पेटला की त्याला थांबवायला अग्निशमन दल लागतं. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या आधी तो असाच पेटला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं एकच पत्र घरात उरलं होतं, माझ्या जन्मानंतर तिनं माहेराहून, मालवणकडून, बाबांना पाठवलेलं. निळं आंतरदेशीय पत्र. बाबा ते रेशनकार्डाबरोबर एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचे आणि मनात येईल तेव्हा काढून वाचायचे. वाचून वाचून घड्यांवर ते फाटायला आलं होतं. दादाच्या डोक्यात आलं की या पत्राचा फोटो काढून त्याची छान सजवलेली फ्रेम करायची, नाहूरच्या घरात बाबांच्या पलंगासमोर लावायची.

कल्पना झकास होती, हे मी आजही मान्य करते. पण मी मुलुंडला एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम आणि भेटवस्तूंचे फोटो सजवण्याचं काम करते, हे माझ्या सख्ख्या भावाला त्या वेळी आठवलं नाही. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, एका अॅपमध्ये टाकला आणि लिहून दिलं की याला जुन्या काळातल्या सुंदर चित्रासारखं कर. अॅपनं केलं. सोनेरी कागद, चारही बाजूंना वेलबुट्टी, कोपऱ्यांत गुलाबी कमळं, मध्ये काळीभोर वळणदार अक्षरं. दादानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि बदामांचा पाऊस पडला. आत्यानं डोळे पुसणारा चेहरा टाकला. वहिनीनं लिहिलं, 'आईंचं अक्षर किती सुंदर होतं ना!' मीसुद्धा कामाच्या घाईत एक बदाम टाकून मोकळी झाले.

वाढदिवसाला आठवडा असताना दादाला राहवेना. त्यानं नमुना म्हणून एक प्रिंट काढून आणली आणि बाबांच्या हातात दिली.

बाबांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोर बघितलं की मधोमध धुकं येतं, कडेचं दिसतं. मान जरा तिरकी करून, भिंग धरून, मोठं आणि ठळक असेल तर ते अजून वाचतात. डॉक्टरांनी आहे ती नजर जपा असं सांगितल्यापासून ते कोणी न बघता स्वतःची परीक्षा घेत असतात. कॅलेंडरवरची तिथी दिसते का, बसचा नंबर दिसतो का. त्या दिवशी त्यांनी भिंग काढलं, मान तिरकी केली आणि प्रिंट खूप वेळ इकडून तिकडे फिरवली.

"बरा दिसता रे," ते म्हणाले. "पण ती म्हणता काय, ता काय वाचूक येणा नाय."

"बाबा, तुमच्या डोळ्यांमुळे," दादा म्हणाला. "मोठी काढतो ना अजून."

बाबांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. "म्हणजे गेले आता माजे डोळे," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

मला ते सहन झालं नाही. मी दादाच्या हातून प्रिंट हिसकावली आणि पहिली ओळ वाचायला गेले. वाचताच येईना. पुन्हा बघितलं. शिरोरेषा होत्या, काने होते, वेलांट्या होत्या, आणि एकही शब्द नव्हता. म आणि स यांच्या मधलं काहीतरी, त्याला एक शेपूट. आईच्या पत्रावर नजर ठेवून अॅपनं अक्षरांसारखं दिसणारं काहीबाही काढलं होतं. ग्रुपवरच्या साऱ्या नातेवाइकांनी त्याला सुंदर म्हटलं होतं, कारण कोणी वाचलंच नव्हतं. वाचायला गेलेला माणूस एकच, ज्याला कमी दिसतं तो.

"बाबा!" मी ओरडलेच. "तुमचे डोळे ठीक आहेत! हे मराठी नाहीच आहे!"

"काय म्हणतंस?"

"यात आई नाही. नुसत्या रेघोट्या आहेत. मलाही वाचता येत नाहीये!"

दादानं चष्मा वर ढकलून प्रिंट डोळ्यांशी नेली. "वाट लागली," तो म्हणाला. बाबा मात्र ताडकन उठून बसले होते. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं. कोणाची वस्तू बिघडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पण मग राग आला. माझा राग घरात प्रसिद्ध आहे. मी दादाला म्हटलं, "पत्र इकडे दे. आणि आता तू फक्त कमळं सांभाळ."

बाबा पत्र सहज देत नाहीत. 'सांजेक परत' या बोलीवर पाकिटासकट ते माझ्या पिशवीत आलं. स्टुडिओत दुपारी गिऱ्हाईक नसतं. स्कॅनरचं झाकण दाबलं तर घडीवर तुकडे पडले असते, म्हणून फोटोच काढायचा होता. मी ते खिडकीजवळच्या टेबलावर पसरलं. एकाच बाजूनं उजेड आला की प्रत्येक घडीची सावली अक्षरावर पडते, म्हणून दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला. फ्लॅश बंद. कॅमेरा बरोबर वरून, नाहीतर खालच्या ओळी वरच्यांपेक्षा लहान येतात.

खरी गंमत पुढे होती. निळ्या कागदावर निळं बॉलपेन, तेही फिकं पडलेलं. नुसता उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वाढवला की कागदही गडद व्हायचा आणि डागही. मग मी फोटोतले लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे करून पाहिले. फक्त लाल रंगाचं चित्र उघडलं आणि मी खुर्चीतून उठलेच. कागद फिका करडा होऊन मागे सरला होता आणि आईची शाई काळी होऊन पुढे आली होती. निळी शाई फिक्या कागदापेक्षा खूप जास्त लाल उजेड गिळते, म्हणून तिथे ती सगळ्यात ठळक दिसते, हे मला कामामुळे ठाऊक होतं. पण हे आईचं अक्षर होतं! शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून मी दाखवलं. त्याला काही कळलं नाही, तरी तो आनंदानं 'वा' म्हणाला.

त्या चित्रावरून मी फक्त शाई वेगळी काढली. डाग पुसताना हात आवरता घ्यावा लागतो, कारण जास्त पांढरं केलं की अनुस्वार उडतात आणि पेन जिथे कमी टेकलंय तिथला धागा तुटतो. शाईचा एक थर तयार झाला, त्याला कुलूप. आता खाली काय वाटेल ती नक्षी करा, अक्षराला कोणी हात लावणार नाही. हाच सगळा धडा होता. यंत्राला पत्र दाखवायचंच नाही, फक्त त्याभोवतालची रिकामी जागा द्यायची.

संध्याकाळी दादा आला तो कमळांची बाजू घेऊन.

"आईनं आयुष्यात कधी कमळ माळलं होतं का रे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "सुरंगी."

आईला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, केसांत माळायचा हार, म्हणजे जीव की प्राण. वासाला तर ती सुरंगीला मोगऱ्याच्या गजऱ्यापेक्षा वर धरायची. मामेबहिणीकडून गावच्या सुरंगीचे फोटो मागवले. गोल कळ्या, आतून पिवळे केसर. अॅपला पत्राऐवजी ते फोटो दिले आणि त्यानं इतकी गोड नक्षी करून दिली की मी दादाची माफी मागायच्या बेतात आले होते. मागितली नाही. त्याला अक्षरांच्या मागेही सोनेरी रंग हवा होता. मी प्रिंटच्या पट्ट्या काढून बाबांपुढे ठेवल्या. पहिली सोनेरी, दुसरी पांढरीशुभ्र, तिसरी साधी सायीच्या रंगाची. सोनेरीवर ते अडखळले, पांढरीवर डोळे दिपले, सायीच्या रंगावर मात्र भिंगाशिवाय दोन शब्द वाचले. निकाल लागला. दादानं सुरंगी कडेला नेली.

आणि तरीही एक चूक राहिलीच होती. जागा संपली म्हणून आईनं समासात लिहिलं होतं. आधी उजव्या कडेनं खाली, मग तळाला उलटं, मग डावीकडून वर. बाबा ते वाचताना पत्र हातात फिरवतात. दादानं काचेची फ्रेम ठरवली होती. तिच्या पट्टीखाली समास तर गेलाच असता, आणि भिंतीवर टांगलेली फ्रेम फिरवणार कशी? बाबांनी मान उलटी करायची? फ्रेम रद्द झाली. मी नक्षी पत्राच्या कडांच्या बाहेर ढकलली, आकार जवळजवळ दुप्पट केला आणि हलक्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्यावर, चिकटवून चमक नसलेलं मॅट लॅमिनेशन केलं. म्हणजे दिव्याचा उजेड वर चमकणार नाही आणि वजन एका हातात पेलेल.

वाढदिवसाला आत्या, वहिनी, शेजारी, सगळे जमले होते. केक बाजूलाच राहिला. बाबांनी बोर्ड हातात घेतला, मान तिरकी केली आणि मोठ्यानं वाचायला लागले. सावकाश, पण न थांबता. वाटेतला पाऊस, थोरल्याचा खोकला, मुलगी झाली म्हणून कोणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नका. दादा तोंडावर हात धरून उभा होता. उजवी कड आली तेव्हा बाबांनी बोर्ड ड्रायव्हर चाक फिरवतो तसा फिरवला. पुन्हा फिरवला. पुन्हा फिरवला. डावीकडची शेवटची ओळ आली.

ती ओळ मी पडद्यावर कितीदा तरी साफ केली होती. पण साफ करताना माणूस वळणं बघतो, वाचत नाही. ऐकली तेव्हाच.

"'मुलीचं नाक तुमच्यावर गेलंय,'" बाबांनी वाचलं. "'राग तेवढा तुमच्यावर जाऊ नये, एवढंच देवाकडे मागते.'"

सगळे हसायला लागले. माझा हात आपसूक नाकाकडे गेला. बाबांनी बोर्ड खाली घेतला आणि कडेच्या नजरेनं मला शोधलं.

"इलोच गो राग तुझ्यात," ते म्हणाले. "बरा झाला इलो. नायतर तुम्ही सगळ्यांनी माका आंधळोच ठरवलेलात."

मग त्यांनी बोर्ड सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.