उलट्या अक्षरांचा गुन्हा

चहाला आधण आलं होतं, नवऱ्याचा एक मोजा सापडत नव्हता, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात खालच्या मजल्यावरच्या मावशी. एका एजन्सीतर्फे अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं सगळं अकरा वर्षं करतायत. कुणाच्या घाणीला कधी नाक मुरडलेलं नाही.

"वहिनी, मी खोटारडी दिसते का हो?"

त्यांनी फोन पुढे केला. रुग्णाच्या घरी पोचलं की एप्रन घातलेला स्वतःचा फोटो एजन्सीच्या ग्रुपवर टाकायचा, ही त्यांची हजेरी. काल पहिल्यांदाच लेकीच्या जुन्या फोनवरून काढला. एप्रनवरची अक्षरं उलटी आली. सुपरवायझरने त्या अक्षरांना लाल गोल मारून लिहिलं होतं, 'अक्षरं उलटी. फोटो बनावट. उद्यापासून येऊ नये.' खाली अंगठेच अंगठे. 'वयाचं तरी भान ठेवा,' असं लिहिणारी तर मावशींच्याच हाताखाली काम शिकलेली. मला शिसारी आली.

मी त्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने चहाच्या पुड्यासकट माझा फोटो काढला. अक्षरं उलटी. सेटिंगमध्ये 'आरशासारखा फोटो' चालू होतं. ते बंद केलं, पुन्हा काढला. सुलटी.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

"एवढंच. चला."

एजन्सीच्या ऑफिसात सुपरवायझर काडीने दात कोरत होता. काडीच्या टोकाला आलेलं बघायचा आणि पुन्हा आत घालायचा.

"मॅडम, अक्षरं उलटी म्हणजे फोटो बनावट. शेंबडं पोरही सांगेल."

"मग तुमचा हा?" मी ग्रुपवरचा त्याचाच फोटो दाखवला. लिफ्टच्या आरशात काढलेला, पोट आत ओढून. शर्टावरचं एजन्सीचं नाव उलटं.

"तो आरशातला आहे!"

"यांचा फोनच आरसा झाला होता."

"म्हणून यांचा खरा कशावरून?"

"अक्षरांवरून नाहीच कळत, उलटी असोत की सुलटी. ज्यांच्याकडे या जातात, त्या आजोबांच्या घरी विचारलंत?"

विचारलं नव्हतं. अकरा वर्षांच्या कामाचा निकाल लावला, पण एक फोन करायला याची बोटं झिजत होती. मीच मावशींच्या फोनवरून लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काल? आल्या होत्या की आठला," आजोबांची सून म्हणाली. "आंघोळ घातली, कूस बदलली. आज कुठे आहेत? बाबा मघापासून ओल्यात पडलेत!"

सुपरवायझरने काडी टेबलावरच टाकली. "बरं बरं. होतं असं कधीकधी. उद्यापासून या. विषय संपला."

माफी नाही, लाज नाही. त्या काडीपेक्षा त्या 'बरं बरं'चीच मला जास्त किळस आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशींनी माझा हात दाबला.

"उद्या कशाला साहेब, आत्ताच जाते. आजोबा ओल्यात आहेत. फक्त एक करा. ज्या ग्रुपवर फोटो खोटा म्हणालात, त्याच ग्रुपवर लिहा, तो खरा होता."