पाच टक्क्यांचा फळा

आमच्या दूध संकलन केंद्रावर दुधातली स्निग्धता, म्हणजे फॅट, तपासणाऱ्या बाईंना सगळे फॅटमावशी म्हणत. अंगावर बघाल तर काडीइतकंही मांस नाही. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं तो वात्रट होता आणि तो बहुधा मीच असेन. मी केंद्राचा सचिव. सचिव म्हणजे नोंदवही, शिक्का आणि खुर्ची. तिन्हींपैकी खुर्चीचाच एक पाय डुगडुगतो.

मावशी एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. सभासदाचं दूध काट्यावर ठेवायचं, वजन मोठ्याने सांगायचं, नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत आधी ॲसिड, मग दूध, मग दोन थेंब औषध, बूच लावून नळी यंत्रात गरगरा फिरवायची. नळीच्या मानेत पिवळट पट्टा उभा राहिला की डोळ्यासमोर धरून, डावा डोळा मिटून आकडा वाचायचा. पदराला ॲसिडने पडलेली भोकं त्या मोजत नसत, पण नळीवरची रेघ कधी हुकली नाही. सख्ख्या दिराने एकदा म्हटलं, "वहिनी, एक रेघ वर सांगितली तर काय बिघडेल?" तेव्हा त्यांनी नळी त्याच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्हीच वाचा भावजी. मोठ्याने वाचा." दीर तेव्हापासून दूध दुसरीकडे घालतो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आम्हाला नवे अध्यक्ष मिळाले. जन्मभर मतमोजणीच्या खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. निवृत्त झाले तरी मोजायची खाज जाईना. केंद्रात दूध घालणारे जेमतेम पाच, पण त्यांनी आल्या आल्या सभा घेतली, अजेंडा वाटला आणि ठराव मांडला: दारावर फळा लावून रोजचं सरासरी फॅट जाहीर करावं.

"सरासरी कशी काढायची?" मी विचारलं.

"एक सभासद, एक मत," अध्यक्ष म्हणाले. "पाचही फॅटांची बेरीज, भागिले पाच. मोठा गोठा असो की एक म्हैस, सगळे समान. लोकशाही आहे."

ठराव टाळ्यांत मंजूर झाला. टाळ्या मीही वाजवल्या. फुकटच्या टाळ्या वाजवायला माझं काय जातं?

पहिल्या दिवशी मी बेरीज करून, पाचाने भागून फळ्यावर लिहिलं: आजचं सरासरी फॅट ५.०. दुपारी शीतकरण केंद्राची पावती आली. तिथे आमच्या मोठ्या कॅनमधलं एकत्र केलेलं दूध तपासतात. पावतीवर ३.९.

अध्यक्षांनी पावती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. "एक पूर्णांक एक दशांश टक्के फॅट गेलं कुठे?" असं म्हणून त्यांनी खोलीत नजर फिरवली. खोलीत मी होतो, मावशी होत्या आणि मांजर होतं.

पहिला संशय मांजरावर आला, हे अध्यक्षांच्या न्यायबुद्धीला धरून झालं. प्राणी असला म्हणून काय, आधी चौकशी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मांजराला काट्यावर ठेवून वजन नोंदवहीत लिहिलं. नोंदवही माझी, अक्षर माझं. मांजर दोन दिवस तेवढंच भरलं आणि तिसऱ्या दिवशी थोडं उतरलं, बहुतेक मनस्तापाने. इकडे फळ्यावर ५.०, पावतीवर ३.९. फळ्यावर ४.९, पावतीवर ३.९. फळ्यावर ५.१, पावतीवर ४.०.

मग कॅनच्या झाकणाला लाख लावून शिक्का मारला. तरी फॅट गेलं. मग टँकर येईपर्यंत अध्यक्ष स्वतः कॅनवर बसू लागले. हातात छत्री, मांडीवर ठरावाची प्रत. त्यांच्या खालून फॅट गेलं.

"आता उरलं कोण?" अध्यक्ष म्हणाले.

मावशी शांतपणे नळ्या धुत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, पाणी घातलं असतं तर वजन वाढलं असतं. एवढं फॅट काढायचं तर तीन किलो साय काढावी लागेल, मग वजन घटेल. काट्यावर शंभर किलो आलं, टँकरमध्ये शंभर किलो गेलं. चोरी झाली कशाची?"

"तेच तर तुम्ही सांगायचं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मला खुलाशाची नोटीस लिहायला सांगितली. फळा लागल्याच्या अकराव्या दिवसापर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही तर सेवा समाप्त.

आता खरं सांगतो. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मांजराचं वजन लिहिता लिहिता सभासदांच्या वजनांकडे लक्ष गेलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पण अध्यक्षांना तोंडावर चुकीचं म्हणायचं, तेही टाळ्या वाजवून झाल्यावर? मला वाटलं, आपोआप मिटेल. मी मूग गिळून बसलो आणि सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली. माझं अक्षर फार चांगलं आहे, मेलं.

अकराव्या दिवशी सकाळी पाचही सभासद हजर होते. मोठ्या गोठ्याचा मालक, त्याचा मेहुणा, शिंपी, सुईण आणि निवृत्त पोस्टमन. मावशींनी नमुने घेतले, वजनं सांगितली, आकडे वाचले, मी लिहिले. गोठेवाला चाळीस किलो, फॅट ३.४. मेहुणा तीस किलो, ३.६. शिंपी वीस किलो, ४.०. सुईणीच्या म्हशीचं सहा किलो, ६.५. पोस्टमनच्या म्हशीचं चार किलो, ७.५. बेरीज पंचवीस, भागिले पाच, बरोबर पाच.

"साहेब, खुलासा कागदावर नको," मावशी म्हणाल्या. "दाखवते."

त्यांनी पाच जणांच्या भांड्यांतून एकेक सारखा पेला दूध घेतलं, एकत्र ढवळलं, नळीत घालून फिरवलं आणि अध्यक्षांसमोर धरलं. ५.०.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "बघा. ठराव बरोबर आहे. दूध थोडं असताना नियम पाळतं, कॅनमध्ये गर्दी झाली की बेशिस्त होतं."

"थांबा," मावशी म्हणाल्या. आता त्यांनी चमचा घेतला. गोठेवाल्याच्या दुधाचे चाळीस चमचे मोजून पातेल्यात टाकले. मेहुण्याचे तीस. शिंप्याचे वीस. सुईणीचे सहा. पोस्टमनचे चार. त्या मोठ्याने मोजत होत्या आणि आम्ही सगळे ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर मोजत होतो. ढवळलं, फिरवलं, वाचलं. ३.९.

एक क्षण मला वाटलं, संपलं, सुटल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले.

"एका सभासदाला चाळीस चमचे आणि दुसऱ्याला चार?" ते म्हणाले. "हे बोगस मतदान आहे. हा प्रयोग मी रद्द ठरवतो."

"अहो, त्याचं दूधच चाळीस किलो आहे," मावशी म्हणाल्या.

"माणूस एकच आहे."

"कॅनमध्ये माणूस ओतत नाही आपण, साहेब."

पोस्टमन खुदकन हसला, पण अध्यक्षांनी पेन उघडलं होतं. ते मला म्हणाले, "सचिव, लिहा. खुलासा असमाधानकारक. सेवा आजपासून समाप्त." मावशींनी पहिल्यांदाच खाली बघितलं. त्यांनी हातातली नळी न धुताच ठेवून दिली आणि एकोणीस वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच इतकी किळस आली की मी खुर्चीतून उठलो. खुर्ची पडली.

"लिहिणार नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. चाळीस किलोत ३.४ टक्के म्हणजे एक किलो तीनशे साठ ग्रॅम फॅट. तीस किलोत एक किलो ऐंशी. वीस किलोत आठशे ग्रॅम. सहा किलोत तीनशे नव्वद. चार किलोत तीनशे. सगळं मिळून तीन किलो नऊशे तीस ग्रॅम. दूध शंभर किलो. म्हणजे सरासरी ३.९३. भागायचं किलोंनी, मी भागलं डोक्यांनी. फॅट कुठेच गेलं नाही. ते कधी पाच टक्के नव्हतंच."

पोस्टमन म्हणाला, "माझी म्हैस चार किलो देते. तिला चाळीस किलोंच्या बरोबरीने बसवाल तर तिलाच अवघडल्यासारखं होईल हो."

एवढ्या मोठ्या गोष्टीचा निर्णय एकट्याने घेणं अध्यक्षांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी मतदान घेतलं. गोठेवाला आणि मेहुणा विरोधात गेले, कारण फळ्यावरचा पाचाचा आकडा दारात शोभून दिसत होता. शिंपी, सुईण, पोस्टमन बाजूने. तीन विरुद्ध दोन मतांनी दुधाचं फॅट ३.९३ ठरलं आणि नोटीस मागे घेतली गेली. अध्यक्षांनी मावशींचं अभिनंदन केलं आणि गेल्या दहा दिवसांचं फॅटही फेरमोजणीला ठेवायची सूचना मांडली.

सगळे गेल्यावर मी खुर्ची उचलून सरळ केली. मावशी नळ्या धुत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"आज अकरावा. म्हणजे आठ दिवस." त्यांनी नळी उलटी करून ठेवली. "मांजर काट्यावर होतं तेव्हाच गावात माझं नाव निघालं होतं. आठ दिवस मी घरी गेले की सून माझी पिशवी उघडून बघायची. साय आणली का म्हणून. मी आत गेले की बघायची. मला कळत नाही असं वाटायचं तिला."

मी शिक्का उचलून पुसायला घेतला. काय पुसलं जाणार, डोंबल?

"फळा घ्या," त्या म्हणाल्या. "फॅटच्या आकड्याखाली लिहा. हिशेब चुकला होता, मावशींचा नाही, सचिवांचा. रोज लिहायचं. आठ दिवस."

मी लिहिलं. येणारे-जाणारे वाचत, हसत. चौथ्या दिवशी सकाळी एक बाई टोपली काखेत धरून फळ्यासमोर उभी राहिली, ओठ हलवत दोनदा वाचलं आणि आत न येता परत गेली. त्या मावशींच्या सूनबाई होत्या.