न केलेलं काम

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते गाडीखाली उताणं पडून. वाघोलीत पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. इंजिनाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नात शिकायला इटलीत आहे. राहते एका गावात, कॉलेज लांब, बस दिवसाला मोजक्या. म्हणून तिनं तिथं एक जुनी गाडी बघितली, दहा वर्षांची. मालकानं शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल दिलं आणि गाडीच्या पुस्तकातली, डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांची माहिती देणारी पानं. सगळं इटालियन. तिला भाजी आणण्यापुरती भाषा येते. नारायण पेठेतल्या ज्या बाईंनी जाण्याआधी तिची इटालियनची शिकवणी घेतली होती, त्यांच्याकडून मराठी करून घ्या आणि मग तुम्ही बघून सांगा, असं तिनं मला फोटो पाठवून कळवलं.

कागद बाईंना दिले, पण मला धीर कुठला. शेजाऱ्याच्या पोराच्या फोननं बिलाचं काहीतरी उलटंपालटं मराठी काढलं. एका ओळीत 'वितरण पट्टा' आणि खाली पाण्याचा पंप. पोरगा गोंधळला, मी हसलो. वॉटर पंपासोबत जो पट्टा बदलतात तो टायमिंग बेल्ट, लहान पोर पण सांगेल. दहा वर्षांच्या गाडीला दुसरं बघायचंय काय? लगेच नातीला फोन लावला. "बेल्ट, पंप नवीन हाय. डोळे झाकून घे."

शनिवारी ती गाडी ताब्यात घेणार होती. त्याच दिवशी दुपारी मी बाईंकडे गेलो. आता कागदांची गरज नव्हती, पण सांगितलेल्या कामाला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

दिव्यांची पानं त्यांनी सुरेख केली होती. लाल दिवा म्हणजे गाडी थांबवा. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे इंजिन त्या क्षणी बंद करा. इंजिनाचा पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लुकलुकायला लागला तर वेग कमी करा. मी चूक शोधत होतो, सापडली नाही.

मग बिल. वर मथळा, 'केलेली कामे', खाली ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड. त्याखाली दुसरा मथळा, 'सुचवलेली कामे, केलेली नाहीत'. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. शेवटी एक ओळ, ग्राहकाने सध्या नको सांगितले.

मी म्हणालो, मथळा चुकलाय. जे केलंच नाही ते बिलावर कोण लिहितं? आमच्यात राहिलेलं काम गाडीपाशी उभं राहून तोंडी सांगतात. कागदावर घातलं तर गिऱ्हाईक म्हणतं, बिल फुगवलं.

"अहो, आपल्या गॅरेजचं बिल नाही हे," बाई म्हणाल्या आणि मूळ कागद पुढे सरकवला. वरच्या ओळींसमोर रक्कम होती. बेल्ट आणि पंपासमोर रिकामी जागा. ती मी परवाच पाहिली होती. बेल्ट सापडल्याच्या तोऱ्यात डोळ्यांआड केली होती.

त्यांनी विचारलं, "मग हा बेल्ट तुटायला आला की यातला कुठला दिवा लागतो?"

"कुठलाच नाही."

बेल्ट सांगून तुटत नाही. पळत्या गाडीत तुटला की इंजिन बंद पडतं, आत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आणि हायवेवर मागून ट्रक येत असतात.

मी नातीला फोन लावला, दोनदा वाजून थांबला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. ती अर्धा हायवे कापून पेट्रोल पंपावर थांबली होती. खूश होती. आबा, एक पण दिवा लागलेला नाही, म्हणाली.

"गाडी आता चालू करायची नाही," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात ना, डोळे झाकून घे."

बाई समोरच बसल्या होत्या. गॅरेजात माझी चूक मी कधी कुणासमोर कबूल केली नव्हती.

"मी चुकलो."

"बाईंना द्या फोन," ती म्हणाली.

गाडी ओढून न्यायला कुणाला काय सांगायचं, ते बाई तिच्याकडून इटालियनमध्ये पाठ करून घेत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी दिव्यांची पानं उलटत बसलो.

गाडी धड पोचली. चार दिवसांनी काढलेल्या बेल्टचा फोटो आला, आतून तडेच तडे. आला बाईंच्या फोनवर. त्यांनी मला तो पुढे पाठवला. खाली नातीनं काही विचारलं असेल म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काही नव्हतं.