हललेला नमुना

फोन-कॅमेऱ्याच्या लॅबमध्ये आम्ही एका सहकाऱ्याला खिडकीमास्तर म्हणायचो. चाचणीसाठी तो स्वतःच्या आईलाच घरच्या उजेडाच्या खिडकीकडे पाठ करून बसवायचा. घरात दुसरं होतं कोण?

एकदा तो म्हणाला, "हलू नकोस, फोटोत भूत उमटेल."

"भूत होईनच की लवकर, आता हलू दे," म्हणत ती मान डोलावून हसली.

फोनने झटपट आठ फ्रेम घेऊन जोडल्या. खिडकीतलं आभाळ स्वच्छ आलं. हललेला चेहरा मात्र जुळेना, म्हणून एकाच फ्रेममधून उचलला गेला. इवल्या सेन्सरवर सावलीतला उजेड पडणार किती? चेहरा दाणेदार आला. मास्तरने चिडून शेरा मारला: नमुना बाद.

आई गेल्यावर त्याने त्याच आठ कच्च्या फ्रेम उघडल्या. जोडल्या नाहीत, एकामागून एक सरकवल्या. रिकाम्या घरात आई पाव सेकंद हलली.