अर्ध्या मिनिटाची हमी

मी खोटं बोलले ते पडद्यावर जाहिरातीची काच लागलेली असताना, मध्यंतरात, भरल्या थिएटरात. तेही घड्याळ लावून, बरोबर अर्ध्या मिनिटात.

तेव्हा मी नाशकात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आदल्या वर्षी शाळेच्या अंगणातल्या विहिरीत दुसरीतली एक मुलगी पडली. पाणी शेंदायला वाकली आणि गेली. विहिरीला ना कठडा ना झाकण. गावात बोभाटा झाला. एकेक मुलगी घरी बसली, आणि जूनमध्ये पट भरला नाही तर शाळेला कुलूप लागणार हे आम्हाला वरून सांगून झालं होतं. माझीही मुलगी मी ती मुलगी पडली त्याच आठवड्यात शाळेतून काढून सासूबाईंपाशी ठेवली होती. का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

हेडमास्तरांनी एक रविवार ठरवला. आयांनी यावं, शाळा पाहावी, पटलं तर तिथल्या तिथं नाव घालावं. आणि आयांना कळवायचं कसं, तर थिएटरातून. बोलपट नवीन होते, बायका झुंडीनं जायच्या. मध्यंतरात व्यापारी लोक काचेवर जाहिरात रंगवून पडद्यावर दाखवत. काच अर्धा मिनिटच ठेवायची, त्याहून जास्त वेळ दिव्यापुढं राहिली की रंग पाघळायचा. बायकांना वाचता येत नाही म्हणून सोबत कुणीतरी मोठ्यानं सांगायचं. थिएटरचा माणूस कर्ण्यातून सांगायचा, पण तो तपकिरीची जाहिरात आणि शाळेची जाहिरात एकाच सुरात ओरडला असता. "बाई, तुम्हीच बोला," हेडमास्तर म्हणाले. "बायकांच्या बाजूला उभ्या राहा. आणि लिहाही तुम्हीच. आईला काय वाटतं ते मला काय कळणार?"

मेल्याला बरोबर कळत होतं. मला काय वाटतं ते मी लिहावं म्हणूनच तो मला सांगत होता.

पहिला मसुदा वाचला तर दीड मिनिट लागलं. शाळेची स्थापना, संस्कार, शिवणकाम, सगळं कापलं. घाबरलेल्या बाईला स्थापना काय करायचीय? तिची भीती आधी तिच्या तोंडावर बोलायची, मग तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला बोलवायचं, आणि दिवस-वेळ स्पष्ट सांगायची. हेडमास्तरांचं खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवून मी सात वेळा वाचलं. शेवटी उरलं ते असं:

"आयांनो, मुलीला शाळेत घालायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मलाही येतो. वाटेत कोण भेटेल, बाई मारतील का, आणि ती विहीर! ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा शाळा तुमच्यासाठी उघडी आहे. शेजारणीला घेऊन या. वर्ग पाहा, आम्हाला पाहा, विहीर पाहा. विहिरीवर आता झाकण आहे. आमच्याही मुली इथंच शिकतात. मनाला पटलं तरच नाव घाला."

शेवटून दुसरं आणि तिसरं वाक्य हेडमास्तरांचं. मी म्हटलं, "झाकण कुठंय?" लोखंडी जाळी लोहाराकडे टाकली होती, ती अजून भट्टीतच होती. "रविवारपर्यंत होईल. काच आज द्यायची आहे. होईल-होईल म्हटलं तर एक बाई येणार नाही." आणि आमच्या मुली? हेडमास्तरांना दोन मुलगे. दुसऱ्या बाईंचं लग्नच झालेलं नव्हतं. मुलगी असलेली मीच एकटी, आणि माझी घरी होती. मला राग आला. पण वाक्य मी खोडलं नाही. शाळा बंद झाली तर माझी नोकरी जाणार होती, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकायला फार चांगलं लागत होतं.

पाच दिवस बोलले. बायका सुपारी कातरायच्या थांबायच्या. "मलाही येतो" म्हटलं की एखादी "हो गं बाई" म्हणायची. शनिवारी लोहाराचा निरोप आला, जाळी पुढच्या आठवड्यात. मग विहिरीवर जुन्या फळ्या टाकल्या, त्यावर बारदान, आणि कुणी पाय ठेवू नये म्हणून वर तुळशीच्या चार कुंड्या. इतकं सुरेख दिसत होतं की माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी अंगण भरलं. माझ्या मुलीला नवा परकर नेसवून मी आणलं होतं. एक तांबटाची बायको माझ्यासमोर येऊन थांबली. वणीकडची, लग्न होऊन इथं आलेली. पदराला सात वर्षांची पोर.

"तुम्हीच ना त्या? आवाजावरनं वळखलं. पाच दिस झोप नाय मला, घालू का नको, घालू का नको." मग माझ्या मुलीच्या हनुवटीला हात लावून, "ही तुमची का? कितवीत हाय?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "दुसरीत."

"मग झालं," ती म्हणाली. विहिरीपाशी गेली, कुंड्यांना हात जोडले आणि पोरीचं नाव घातलं.

सोमवारी तिची पोर आली. माझी आली नाही. जाळी बसेपर्यंत थांबू, मी मनाला सांगितलं. आठवडा असाच गेला, लोहाराचा पत्ता नाही. मधल्या सुट्टीत मी अंगणात उभी राहायचे आणि कुणी कुंड्यांच्या बाजूला वळलं की ओरडायचे. मुली मला भिऊ लागल्या. तांबटाची पोर तेवढी भ्यायची नाही. रोज विचारायची, "बाई, तुमची कुठं बसते?" मी म्हणायचे, तिला ताप आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात फळा पुसत होते आणि अंगणातून आवाज आला. आधी काहीतरी मोडल्याचा, मग खोलवर पाण्यात धप्प. आणि मग काहीच नाही.

मी धावले. पण धावण्याआधी, पाय उचलण्याच्याही आधी, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहिताय? माझी घरी आहे. एवढंच आलं. आणि बरं वाटलं मला. देवा, बरं वाटलं.

फळी कुजून मोडली होती, कुंडी आत गेली होती. मुली काठाशी घोळका करून उभ्या. मी एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजलं. पुन्हा मोजलं. सगळ्या होत्या. तांबटाची पोर सगळ्यांत पुढं, भोकापासून दोन हातांवर, आत वाकून बघत होती.

संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा मी दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. जाळीचं, फळ्यांचं, तापाचं. हेडमास्तर मागून "बाई, बाई" करत होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं. बसवणारच होते.

ती रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, "मग तुमची कुठं हाय?"

"घरी."

तिनं पोरीची पाटी काखेत मारली, हात धरला आणि निघाली. पोर मागं वळून वळून शाळेकडे बघत होती. चार दिवसांनी जाळी बसली, पक्की, लोखंडी. मी तांबटांच्या आळीत सांगायला गेले, दोनदा गेले. ती म्हणाली, "आता नाय बाई. आता कुणाचंच खरं नाय." दारामागं ती पोर उभी होती. तिला 'क' आणि 'म' तेवढं येत होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढं कधीच काही आलं नाही.