मावशींचा नवा नंबर

मुरुडच्या एसटी स्टँडजवळ मी मोबाईलचं दुकान सुरू केलं, तेव्हाची गोष्ट. कोळीवाड्यातल्या एक मावशी सुकट, बोंबील विकायच्या. म्हसळ्यापर्यंतची गिऱ्हाइकं त्यांना फोनवर ऑर्डर द्यायची. त्या दिवशी टोपली खाली ठेवून त्यांनी फोन पुढे केला.

"पोरी, फोन येतात, पन माझा लागत न्हाय."

त्यांच्या फोनवर कंपनीचे मेसेज पडले होते : ओळख तपासणी पूर्ण करा, नाहीतर सेवा बंद होईल. मावशींना वाचता येत नव्हतं. हे सिम त्यांनी यात्रेत छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून घेतलं होतं. आधारकार्ड दाखवलं, पण त्याने फोटोही काढला नाही, फुकट म्हणून दिलं एवढंच.

मी चौकशी केली. नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. त्याची तपासणी तोच करू शकत होता, मावशी नाही. आधी इथून जाणारे फोन बंद, मग येणारे, शेवटी नंबरच जातो, असं सांगितलं तेव्हा त्या स्टुलावर बसल्या.

"मग माझी सगली गिऱ्हाइकं गेली म्हन."

"अजून येणारे फोन सुरू आहेत. तोवर नवा नंबर घेऊ, तुमच्याच नावावर."

ओळख पटवायला त्यांनी बोट ठशाच्या यंत्रावर ठेवलं. ठसा उमटेना. एकेक करून दहाही बोटं झाली. मासळी, मीठ आणि बर्फ यांत आयुष्य घालवलेल्या हातांवर रेघाच उरल्या नव्हत्या. त्या हात पदरात लपवू लागल्या, ते मला पाहवेना.

ठसा जमत नसेल तर दुसरी रीत होती. मूळ आधारकार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो, मावशींचा समोर बसवून तिथल्या तिथे काढलेला फोटो आणि घरच्या कुणाच्या नंबरावर येणारा कोड. त्यांच्याजवळ झेरॉक्स होती, ती चालत नाही, म्हणून त्या घरी जाऊन कार्ड घेऊन आल्या. माझ्या फोनवरून त्यांच्या सुनेला फोन लावून तिच्याकडे आलेला कोड विचारला. अर्ज गेला.

संध्याकाळी त्या परत आल्या. नवं सिम मी त्यांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं; ते सुरू व्हायला कंपनीला एक फोन बाकी होता, आणि तो मावशींनीच करायचा होता. "घाबरू नका, आधारचे शेवटचे चार आकडे विचारतील." मी कार्ड समोर धरलं; वाचता येत नसलं तरी आकडे त्यांना ओळखता यायचे. त्यांनी एकेक आकडा सावकाश, ठासून सांगितला.

थोड्या वेळाने रेंज आली. त्यांनी पहिला फोन सुनेला केला, दुसरा म्हसळ्याच्या गिऱ्हाइकाला. जुन्या नंबरावर फोन आला की तो उचलून त्या सांगायच्या, "हा बंद पडनार हाय. आता नवा लिवून घे, माझ्या नावाचा."

काही दिवसांनी जुना नंबर बंद पडला. तोवर बहुतेक सगळ्यांकडे नवा पोहोचला होता. त्यानंतर मावशींनी कोळीवाड्यातल्या चार बायकांना दुकानात आणलं, प्रत्येकीच्या हातात मूळ कार्ड. मशीन पाहून एक बिचकली, तशी मावशी म्हणाल्या, "बोट न्हाय उठलं तरी चालतं."