तांब्याच्या रंगाची साखर

थोरलीचं नाक तापात गेलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास काही परतला नाही. कांदा जळला तरी तिला पत्ता नसायचा. घरात हे फक्त धाकटीला ठाऊक होतं, तिच्या सख्ख्या जावेला. हॉटेलात कुणालाच नव्हतं, आणि कळूनही चालणार नव्हतं. साखर तांबूस भाजण्यात थोरलीचं नाव होतं. आइस्क्रीमवर, केकवर ओतायचा कॅरॅमल सॉस तिच्याच हातचा लागायचा, आणि ते काम निम्मं डोळ्यानं, निम्मं नाकानं चालतं.

दोघी एकाच शेगडीवर असायच्या. थोरली जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात साखर भिजेल एवढंच पाणी घालायची, वर लिंबाचे चार थेंब. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आली की चमचा बाजूला. "आता हिला शिवायचं नाही," ती म्हणायची, "नवीन सुनेसारखी आहे. डिवचलीत तर दाणे धरून बसेल." पातेल्याच्या कडेला उडालेला पाक ओल्या ब्रशनं खाली धुवून घ्यायचा. एक दाणा आत पडला तरी सगळ्याची वाळू होते.

मग रंग. गवती, मग मधासारखा, मग तांब्यासारखा. तांब्याला पोचायच्या जरा आधीच खाली उतरवायचं, कारण उतरवल्यावरही पातेल्याची धग साखरेला पुढं नेते. ही वेळ थोरली पूर्वी वासावर ओळखायची. आता शेजारी दूध-क्रीम कोमट करत उभी असलेली धाकटी नेमका वास आला की सहज विचारायची, "ताई, मीठ काढून ठेवू?" एवढंच. थोरली पातेलं उचलायची. बघणाऱ्याला वाटावं, काय तालात चालल्यात जावा.

मालकानं स्वयंपाकघर नवं करायला काढलं. शेगड्या आल्या, डोक्यावर धूर ओढणारा मोठा पंखा आला, आणि स्टीलची पातेली जाऊन काळी कुळकुळीत आली. "शेगडीवर एकच बाई ठेवणार," मालक म्हणाला. "दुसरी भांड्यांकडं. उद्या माझ्यापुढं करून दाखवा. आधी थोरली."

रात्री धाकटी नवऱ्याशी भांडली की काय, सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. थोरलीनं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. तुमचं चांगलं होईल."

काळ्या बुडात साखरेचा रंग दिसेना. पांढऱ्या बशीवर थेंब टाकून बघता आलं असतं. पण मालक हाताची घडी घालून समोर उभा. इतकी वर्षं बशीवाचून करणारी बाई आज थेंब बघते, म्हणजे काय समजायचं? आणि शेजारी धाकटी होतीच की. थोरली वाट बघत राहिली. धूर डोळ्याला दिसायच्या आत पंखा ओढून घेत होता. धाकटी क्रीमकडं बघत होती. क्रीम कोमट झालं होतं, हलवायची काही गरज नव्हती, तरी ती हलवत होती.

तिनं विचारलं नाही.

शेवटी थोरलीनं अंदाजानं उतरवलं. क्रीम बेतानं, थोडं थोडं ओतलं. गार एकदम ओतलं असतं तर पातेलं उसळून हात भाजला असता आणि साखरेचा दगड झाला असता, तसलं काहीच झालं नाही. लोणी, मीठ. सॉस असा गुळगुळीत की चमच्यावरून रेशीम ओघळावं. निवल्यावर तिनं बोटभर चाटला. नाक गेलं तरी जीभ शाबूत होती, कडूपणा तिला कळला. मालकाच्या आधी कळला.

मालकानं चाटून तोंड वाकडं केलं. "औषध आहे का हे?"

"नाक गेलंय हो त्यांचं," धाकटी हळूच म्हणाली. "मी कधी बोलले नाही. म्हटलं, आपलीच माणसं."

थोरली भांड्यांकडं गेली. घरी दोघींचं जेवण एकाच कुकरला होत राहिलं. बोलणं मात्र भात वाढण्यापुरतं उरलं.

मालकाकडं पाहुणे यायचे होते त्या दिवशी धाकटीनं साखर चढवली आणि काळजीपोटी ढवळत राहिली. कडेला पांढरा पापुद्रा धरला. थोरलीला मोरीपाशी चमच्याचा आवाज ऐकू आला. कोरड्या वाळूत फिरवल्यासारखा. तिच्या हातात ओला ब्रश होता, तिनंच नुकता घासलेला.

धाकटीनं दुसऱ्यांदा चढवली. पुन्हा दाणे. घामानं पाठ भिजली होती तिची. मान न वळवता ती म्हणाली, "ताई, काय चुकतंय माझं? सांगा ना."

थोरलीनं ब्रश झटकला आणि ताटल्यांच्या मागं, खिळ्याला अडकवून ठेवला.

"मीठ काढून ठेवू का गं?" ती म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.